प्रोबेशन किती, कन्फर्म कशावर, नोटीस किती दिवसांची: रिक्रूटरला हे कधी आणि कसं विचारायचं

गेल्या हिवाळ्यात गुरुवारी रात्री बिडकीनहून भाच्याचा फोन आला. "मामा, वाळूजला झालं माझं. सव्वीस हजार देतेत. शनिवारपर्यंत हो म्हणा म्हणून मॅडम मागं लागल्यात." पोरगं मेकॅनिकल डिप्लोमावालं, जालन्याच्या एका कारखान्यात तीन वर्षांपासून क्वालिटीत. पगार एकवीस हजार, पण परमनंट. मी म्हटलं, अभिनंदन, आता लेटर पाठव.

लेटर व्हॉट्सअॅपवर आलं. चार पानं, सगळं इंग्रजीत. त्यानं पहिल्या पानावरचा पगाराचा आकडा पाहिला होता आणि शेवटच्या पानावरची सहीची जागा. मधल्या दोन पानांत चार वाक्यं होती आणि त्याचं पुढचं वर्षभर त्या चार वाक्यांवर उभं राहणार होतं. मराठीत आणली तर ती अशी:

पहिलं, तुमचं प्रोबेशन सहा महिने राहील आणि व्यवस्थापनाला योग्य वाटल्यास ते वाढवता येईल. दुसरं, काम समाधानकारक आढळल्यास लेखी कन्फर्मेशन देण्यात येईल आणि तसं पत्र मिळेपर्यंत तुम्ही प्रोबेशनवरच आहात असं समजलं जाईल. तिसरं, प्रोबेशनमध्ये कंपनी सात दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा पगार देऊन सेवा संपवू शकेल. चौथं, प्रोबेशनमध्ये कर्मचाऱ्याला सोडायचं असेल तर त्यानं तीस दिवसांची नोटीस द्यावी, नाहीतर तेवढा पगार वसूल केला जाईल.

मी स्वतः अकरा वर्षं एचआरमध्ये काढली आहेत. अशी लेटरं मी काढली आहेत, म्हणून ही वाक्यं कुठे टोचतात ते मला माहीत आहे. सहा महिने ऐकून पोरं समजतात, एक ऑक्टोबरला लागलो की एकतीस मार्चला आपोआप परमनंट. तसं होत नाही. दुसरं वाक्य नीट वाचलं तर कळतं की तारीख उलटून गेली तरी पत्र आलं नाही तर माणूस प्रोबेशनवरच राहतो. आणि पहिल्या वाक्यात वाढ किती वेळा, किती महिन्यांची, याला कुठेच कुंपण नाही. म्हणजे लेटरमध्ये सहा लिहिलेत, पण ते सहा फक्त सुरुवातीचे आहेत.

म्हणून रिक्रूटरला "प्रोबेशन किती?" एवढंच विचारलं तर अर्धाच प्रश्न होतो. पुरा प्रश्न असा: प्रोबेशन किती, वाढवलं तर जास्तीत जास्त किती, आणि ती मुदत संपल्यावर कुणीच काही लिहून दिलं नाही तर मला काय समजायचं?

या कमाल मुदतीला कायद्यातही वजन आहे. पंजाबच्या धरमसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच हे सांगितलं. तिथल्या शिक्षण खात्याच्या नियमांत प्रोबेशन तीन वर्षांच्या पुढे नेता येत नव्हतं, तरी लोकांना त्यानंतरही कन्फर्म न करता कामावर ठेवलं होतं. न्यायालय म्हणालं, नियम पुढे वाढवू देत नाही आणि तुम्ही माणसाला ठेवलंय, म्हणजे तो कायम झाला असंच धरावं लागेल. ते सरकारी नोकरीचं प्रकरण होतं. खासगी कंपनीत तुमचं लेटर आणि कंपनीचे नियम काय म्हणतात त्यावर ठरतं. पण कमाल मुदत लिहिलेली असली की तुमच्या हातात काहीतरी असतं. "पत्र मिळेपर्यंत प्रोबेशनच" एवढंच लिहिलेलं असेल तर नुसती तारीख उलटल्याचा काही उपयोग होत नाही.

मशीनवर काम करणाऱ्या कामगारासाठी आणखी एक कागद असतो, स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींचे नियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याप्रमाणे ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला स्टँडिंग ऑर्डर्स लागतात, आणि प्रोबेशनर कोण, परमनंट कोण याची वर्गवारी त्यात असते. भाच्याचं पद इंजिनिअरचं, म्हणून त्याला लेटरच जास्त महत्त्वाचं होतं. पण तुम्ही ऑपरेटर किंवा फिटर म्हणून लागत असाल तर स्टँडिंग ऑर्डर्समध्ये प्रोबेशन किती धरलंय, हे जरूर विचारा. आणि त्याच फोनवर आणखी एक खात्री करून घ्या: तुम्ही कंपनीच्या पगारपत्रकावर आहात की ठेकेदाराच्या, आणि लेटरमध्ये प्रोबेशनर लिहिलंय की अप्रेंटिस. अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, त्याचा करार वेगळा असतो आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर आपोआप येत नाही. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात एकाच गेटमधून ही तिन्ही प्रकारची माणसं आत जातात. गणवेशही कधी कधी सारखाच असतो.

आता कन्फर्म कशावर होतो, त्याकडे येतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, काम चांगलं केलं की झालं. आत काय होतं ते सांगतो. प्रोबेशन संपायच्या महिनाभर आधी एचआरकडून त्या माणसाच्या एचओडीकडे, म्हणजे डिपार्टमेंटच्या प्रमुखाकडे, एक फॉर्म जातो. हजेरी, कामाची माहिती, शिस्त, सोबतच्या माणसांशी वागणूक, सुरक्षेचे नियम, आणि डिपार्टमेंटप्रमाणे दोन-तीन आकडे. क्वालिटीत असाल तर लाइनवरचं रिजेक्शन, ग्राहकाकडून आलेल्या तक्रारी, त्यांची उत्तरं वेळेत गेली का. प्रत्येक ओळीसमोर पाचपैकी गुण, आणि खाली तीन चौकटी: कन्फर्म करा, मुदत वाढवा, सेवा संपवा. एचओडी एका चौकटीत खूण करतो, सही करतो, फॉर्म प्लँट हेडकडे जातो, तिथून परत एचआरकडे येतो आणि मग पत्र निघतं.

या वाटेत गाडी कुठे अडते? बहुतेक वेळा एचओडीच्या टेबलावर. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका वर्षी मार्चअखेरच्या धावपळीत सहा जणांचे फॉर्म एकाच ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून राहिले. कुणाच्या कामात खोट नव्हती. आम्ही एक आठवण पाठवली आणि पाठपुरावा केला नाही. त्या सहा जणांना वाटत होतं आपण परमनंट झालो. त्यातल्या एकानं घराच्या कर्जासाठी अर्ज केला, बँकेनं कन्फर्मेशन लेटर मागितलं, तो आमच्याकडे आला आणि तेव्हा सगळं उघडं पडलं. त्याहून वाईट म्हणजे त्या वर्षी एप्रिलची पगारवाढ फक्त एकतीस मार्चपर्यंत कन्फर्म झालेल्यांना होती. सहाही जणांची वाढ पुढच्या एप्रिलवर गेली. ती चूक आमची होती आणि तिची किंमत त्यांनी वर्षभर भरली. हे मला अजून बोचतं, म्हणूनच ओळखीच्या प्रत्येक पोराला हा प्रश्न विचारायला लावतो.

तेव्हा "कन्फर्मेशनचे निकष काय?" असं मोघम विचारू नका. मोघम विचारलं की "परफॉर्मन्सवर असतं" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: रिव्ह्यू कोण करतं आणि कितव्या महिन्यात? मधे एखादा आढावा होतो का, म्हणजे तिसऱ्या महिन्यात काही कमी असेल तर सांगितलं जातं का? माझ्या पदासाठी कोणते दोन-तीन आकडे पाहिले जातात? आणि एप्रिलच्या वाढीसाठी कोणत्या तारखेपर्यंत कन्फर्म व्हावं लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जॉइनिंगच्या तारखेशी ताडून पाहा. कंपनीची अट एकतीस मार्चची असेल आणि तुमचे सहा महिने दहा एप्रिलला संपत असतील, तर दहा-बारा दिवसांसाठी वर्षाची वाढ जाते. अशा वेळी जॉइनिंग थोडं अलीकडे घेता येतं का, किंवा वाढीबद्दल लेटरमध्ये एक ओळ घालता येते का, हे आधीच बोलता येतं. जॉइन झाल्यावर ते बोलणं कुणी ऐकत नाही.

आणखी एक प्रश्न आहे जो मला सगळ्यात जास्त उपयोगाचा वाटतो, पण तो रिक्रूटरपेक्षा मुलाखत घेणाऱ्या एचओडीला विचारावा: "मागच्या दोन वर्षांत या डिपार्टमेंटला किती जण लागले आणि त्यातले किती कन्फर्म झाले?" सरळ माणूस असेल तर सरळ सांगतो. पाचातले दोनच टिकले असतील तर ते दोघं सोडून बाकीचे का गेले, हेही तिथेच विचारून घ्यावं.

आता नोटीस. भाच्याच्या लेटरमध्ये कंपनीला सात दिवस आणि त्याला तीस, हे त्यानं वाचलंच नव्हतं. मी त्याला आकडा मांडून दाखवला. २६,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे साधारण ८६७ रुपये. कंपनीला त्याला काढायचं झालं तर ६,०६७ रुपये हातावर ठेवून ती त्याच दिवशी काढू शकते. त्याला जायचं झालं आणि तो दहा दिवसच थांबला, तर वीस दिवसांची वसुली, म्हणजे १७,३३३ रुपये. तीसुद्धा ग्रॉसवर धरली तर. बेसिक १३,००० असेल आणि वसुली बेसिकवर असेल तर तीच रक्कम ८,६६७ होते. एका शब्दाचा फरक, आणि लेटरमध्ये नुसतं "पगार" लिहिलेलं होतं. म्हणून नोटिशीबद्दल विचारताना दिवसांसोबत हे पण विचारायचं की वसुली किंवा भरपाई बेसिकवर की ग्रॉसवर.

दोन्ही बाजूंची नोटीस सारखी करून मागण्यात काहीही उर्मटपणा नाही. पुष्कळ कंपन्या प्रोबेशनमध्ये दोन्हीकडून पंधरा दिवस किंवा दोन्हीकडून महिना ठेवतात. कन्फर्म झाल्यावर तीच नोटीस साठ किंवा नव्वद दिवसांची होते, तेव्हा ती कधीपासून बदलते हेही विचारा: पत्राच्या तारखेपासून, की सहा महिने पूर्ण झाल्यापासून? पत्र उशिरा आलं आणि त्यात कन्फर्मेशनची तारीख मागची टाकली, तर मधल्या काळात दिलेल्या राजीनाम्याची नोटीस नेमकी किती, यावरून मी खरी भांडणं पाहिली आहेत.

नोटीस पाळून किंवा न पाळून निघालात, तरी झालेल्या कामाचा पगार तुमचाच आहे. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. एफ अँड एफला, म्हणजे शेवटच्या हिशोबाला, महिना-दीड महिना लागतो असं सांगितलं जातं, तेव्हा हे लक्षात असू द्या. आणि ग्रॅच्युइटीची सेवा जॉइनिंगपासून मोजतात, कन्फर्मेशनपासून नाही. प्रोबेशनचे महिने वाया जात नाहीत.

रजेचं एक बारीक कलम असतं, ते पटकन सांगतो. काही ठिकाणी प्रोबेशनमध्ये जेवढे दिवस गैरहजर, तेवढ्यानं प्रोबेशन पुढे सरकतं. कापूस वेचणीला किंवा घरच्या लग्नाला आठ-दहा दिवस लागणार असतील तर आधी विचारून ठेवलेलं बरं.

विचारायचं कधी? मुलाखतीच्या पहिल्या फेरीत नको. तिथे त्यांना अजून तुम्ही हवे आहात की नाही हेच ठरलेलं नसतं. आणि जुन्या नोकरीचा राजीनामा दिल्यावर तर अजिबात नको, तेव्हा तुमच्याकडे परत फिरायला जागा नसते. नेमकी वेळ ऑफर आल्यानंतर आणि राजीनामा देण्याआधीची. भाच्याला त्यासाठी दोन दिवस होते आणि ते पुरेसे होते.

विचारायचं कुणाला, हेही समजून घ्या. त्याला फोन करणाऱ्या मॅडम कन्सल्टन्सीच्या होत्या, कंपनीच्या नाहीत. कन्सल्टन्सीला पैसे कंपनीकडून मिळतात, तेही उमेदवार जॉइन झाल्यावर, आणि बहुतेक करारांत अट असते की माणूस ठरावीक दिवसांत, बऱ्याचदा नव्वद, सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा. म्हणजे तुम्ही टिकावं हे त्यांनाही हवं असतं, आणि म्हणून हे प्रश्न त्यांना खटकायचं कारण नाही. पण त्या जे तोंडी सांगतील ते कंपनीला बांधील नसतं. त्यांना विचारायचं ते कंपनीच्या एचआरकडून लेखी आणून द्यायला सांगण्यासाठी.

शुक्रवारी सकाळी त्यानं फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"मॅडम, पद आणि पगार मला मान्य आहे, मी यायला तयार आहे. जालन्याला राजीनामा टाकण्याआधी प्रोबेशनबद्दल तीन गोष्टी क्लिअर करायच्या होत्या."

"अरे, सहा महिनेच आहे. सगळे कन्फर्म होतात तिथे, काळजी करू नका."

"हो मॅडम, पण लेटरमध्ये वाढवता येईल असं आहे, किती ते नाही. मी परमनंट नोकरी सोडतोय, म्हणून घरच्यांना सांगायला लागतं."

हे शेवटचं वाक्य मी त्याला शिकवलं नव्हतं, आणि ते सगळ्यात चांगलं निघालं. आपण सोडून जायचा विचार करतोय असा वास त्यात नाही. आपण काय सोडून येतोय ते त्यात आहे. मॅडमचा आवाज बदलला. "मेल करा, मी एचआरला पाठवते."

मेल आम्ही दहा मिनिटांत लिहिला. त्यानं इंग्रजीत पाठवला. मजकूर हा होता:

"नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल आभार. मला ही संधी मान्य आहे. राजीनामा देण्यापूर्वी पुढील बाबी कृपया कंपनीच्या एचआरकडून मेलवर कळवाव्यात. प्रोबेशन वाढल्यास जास्तीत जास्त किती वेळा आणि किती महिने? रिव्ह्यू कोण, कितव्या महिन्यात करतं आणि या पदासाठी काय पाहिलं जातं? मुदत संपल्यावर पत्र किती दिवसांत मिळतं? प्रोबेशनमध्ये कंपनीची नोटीस सात दिवस आणि माझी तीस दिवस आहे, ती दोन्हीकडून पंधरा दिवस करता येईल का, आणि वसुली बेसिकवर की ग्रॉसवर? उत्तर मिळताच मी स्वीकृती पाठवतो."

उत्तर शनिवारी दुपारी आलं, कंपनीच्या मेल आयडीवरून. मुदतवाढ एकदाच, जास्तीत जास्त तीन महिने, आणि कारण लेखी कळवून. रिव्ह्यू एचओडी पाचव्या महिन्यात करतात. लाइन रिजेक्शन, ग्राहक तक्रारींची उत्तरं आणि हजेरी पाहिली जाते. नोटीस दोन्हीकडून पंधरा दिवस मान्य, सुधारित लेटर सोमवारी पाठवू. वसुली बेसिकवर. पत्र किती दिवसांत मिळेल, याला मात्र "शक्य तितक्या लवकर" असं उत्तर होतं.

म्हणजे पाचातल्या चार गोष्टी मिळाल्या. पाचवी का मिळाली नसेल ते मला चांगलं माहीत आहे: एचओडीच्या ड्रॉवरची हमी एचआर देऊ शकत नाही. आणि उलट झालं असतं, म्हणजे दोनदा विचारूनही एकही गोष्ट लेखी आली नसती, तर मी त्याला जालना सोडू नको असंच सांगितलं असतं. पाच हजारांसाठी परमनंट नोकरी सोडून बिनकुंपणाच्या प्रोबेशनवर जाणं त्याच्या घरच्या परिस्थितीत परवडणारं नव्हतं. कुणाला परवडतही असेल. एकटा असेल, हातात सहा महिन्यांचा खर्च असेल, तर हिशोब वेगळा होतो.

सोमवारी सुधारित लेटर आलं. मेलमधलं सगळं त्यात आलंय का, हे आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिलं, कारण लेटरच्या शेवटी एक वाक्य होतं की या पत्रापूर्वीचं कोणतंही बोलणं किंवा पत्रव्यवहार ग्राह्य धरला जाणार नाही. असं वाक्य असलं की मेलवरचं आश्वासन लेटरमध्ये उतरवून घ्यावंच लागतं. तीन महिन्यांची मर्यादा आली होती, पंधरा दिवस आले होते, "बेसिक" शब्द राहिला होता. त्यानं पुन्हा एक ओळीचा मेल टाकला, संध्याकाळी तोही शब्द आला.

मंगळवारी त्यानं जालन्याला राजीनामा दिला. त्याच रात्री मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाकल्या. पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी: साहेबांना रिव्ह्यूची आठवण. सहा महिने पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी: पत्र आलं का? नसेल तर एचआरला मेल.